रात्री साडेबाराचा ग्राहक

मध्यंतरी माझ्या एका धाकट्या मैत्रिणीने मला एक मजकूर वाचायला पाठवला. आम्ही दोघी पूर्वी एकाच लहानशा डिझाईन ऑफिसात होतो. आता ती एकटीने कॅटलॉग, माहितीपत्रकं, पॅकिंगची लेबलं अशी कामं घेते. "ताई, हे एका क्लायंटला पाठवायचंय. फार कडक तर होत नाही ना, बघ." मजकूर स्क्रीनभर लांब होता. सुरुवातीला त्यांच्या कामाबद्दल तिला किती आदर आहे ते, मग तिची तब्येत, घरातली जबाबदारी, झोप न होणं, आणि मधेच कुठेतरी "शक्यतो रात्री उशिरा मेसेज करणं टाळावं ही नम्र विनंती." शेवटची ओळ अशी होती: "माझ्या बोलण्याने वाईट वाटलं असेल तर मनापासून क्षमस्व." सोबत तिने आदल्या दोन रात्रींचे स्क्रीनशॉट जोडले होते. त्यात हे गृहस्थ तिला विचारत होते की अक्कल गहाण टाकली आहे का. पुढे "फुकटे", पुढे "तुझ्यासारख्या छप्पन्न मिळतात", आणि त्याखाली लिहिताही येणार नाही असं एक वाक्य. वेळ रात्री 12.48. दिवसा "तुम्ही" म्हणणारा माणूस मध्यरात्रीनंतर "तू"वर आला होता, आणि क्षमा मात्र तिने मागितली होती.

ती क्षमा माझ्या डोक्यातून जाईना. शिव्यांचा राग आला तो त्या माणसाचा आला, आणि तो उतरलाही. पण त्या शेवटच्या ओळीने मला दिवसभर अस्वस्थ ठेवलं. ही मुलगी काही बुजरी नाही. छापखान्यात उभं राहून शाईची छटा चुकली म्हणून अख्खी प्लेट बदलायला लावणारी आहे. तिच्यासारखीलाही स्वतःची बाजू लिहायला बसलं की हात असा मागे का सरतो? थोडा विचार केल्यावर वाटलं की भीतीपेक्षा इथे सवयीचा भाग मोठा आहे. ग्राहकाला लिहायचं म्हणजे गोड लिहायचं, हे आम्हाला पहिल्या दिवसापासून शिकवलेलं असतं. नाही कसं लिहायचं, हे कुणी शिकवत नाही.

मला ते थोडंफार पाहायला मिळालं होतं. त्या ऑफिसात येण्याआधी मी ज्या जागी कामाला होते, तिथे ग्राहकांच्या पत्रांचं टेबल एका वयस्कर गृहस्थांकडे होतं. तेव्हा तक्रार पत्राने येई. लिहिणाऱ्याला कागद शोधावा लागे, पाकीट चिकटवावं लागे, पेटीपर्यंत चालत जावं लागे, आणि एवढ्यात निम्मा राग वाटेतच उतरत असणार. तरीही काही पत्रं जहाल येत. अक्षर इतकं दाबून लिहिलेलं की कागदाच्या मागच्या बाजूवरून बोट फिरवलं तर ओळी हाताला लागत. काका ते पत्र एकदा वाचत, मग पेन्सिल घेऊन ज्या वाक्यांना उत्तर देता येईल तेवढ्याच वाक्यांखाली रेघ ओढत. दोन पानी पत्रात रेघा तीन नाहीतर चार. "माल तीन दिवस उशिरा आला." रेघ. "तुम्ही सगळे लुटारू आहात." रेघ नाही. उत्तर फक्त रेघेच्या वाक्यांना जायचं. बाकीच्या मजकुराचा उल्लेखही नसे. आणि उत्तर कधीही त्याच दिवशी जात नसे, दुसऱ्या दिवशी सकाळी पहिल्या डाकेने जाई. त्यांना मी कारण विचारलं नव्हतं, त्यांनीही सांगितलं नव्हतं. पण ती पेन्सिल मला अजून दिसते.

म्हणून मैत्रिणीला मी पहिल्यांदा तेच करायला सांगितलं. त्या रात्रीचे सोळा मेसेज समोर घे आणि कामाच्या मेसेजवर खूण कर. खुणा निघाल्या दोन. पान 6 वरचा फोटो जुना आहे, आणि पान 11 वरचा एक दर चुकला आहे. उरलेले चौदा मेसेज म्हणजे तीच दोन वाक्यं शिव्यांसकट पुन्हा पुन्हा लिहिलेली, मधे नुसतीच प्रश्नचिन्हं, आणि "झोपलात का?" तिने ते पाहिलं आणि बराच वेळ काही लिहिलं नाही. मग म्हणाली, "म्हणजे काम अर्ध्या तासाचं होतं. मी रात्रभर जागी होते."

रात्रभर जागं राहणं काय असतं ते ज्याने अनुभवलंय त्यालाच कळतं. फोन उशाशी लाकडी फळीवर असला तर कंपनाचा आवाज फळीतून थेट कानात येतो. छतावर निळसर उजेडाचा चौकोन उमटतो, विझतो, पुन्हा उमटतो. काही दिवसांनी तर फोन गप्प असतानाही तो थरथरल्यासारखा वाटतो आणि हात आपोआप तिकडे जातो. मेसेज उघडायच्या आधीच तोंड कोरडं पडलेलं असतं. आणि सगळ्यात वाईट म्हणजे सकाळी ती फाईल उघडावीशी वाटत नाही. ज्या पानांवर आपण जीव लावून काम केलं, त्यांच्याकडे बघताना त्या माणसाचा आवाज ऐकू येतो.

तिच्या मजकुरात दोन वेगळ्या गोष्टी एकत्र कालवल्या गेल्या होत्या, आणि घोटाळ्याचं मूळ तिथे होतं. एक, मेसेज उशिरा येतात. दोन, मेसेजमध्ये शिव्या असतात. या दोन्हींना एकाच पत्रात बांधलं की ग्राहक त्यातली सोपी बाजू पकडतो. "मला दिवसा वेळ मिळत नाही, धंदा आहे माझा, रात्री लिहिलं तर एवढं काय बिघडलं?" आणि खरं सांगायचं तर यात त्याचं पूर्ण चुकतं असंही नाही. कुणी रात्री साडेबाराला हिशेब मिटवून बसतो आणि त्याला तेव्हाच पान 6 चा फोटो आठवतो. मेसेज लिहिणं हा त्याचा हक्क आहे. तो मेसेज मी रात्री साडेबाराला वाचायचा की सकाळी दहाला, हे माझ्या हातात आहे. वेळेच्या बाबतीत ग्राहकाने बदलण्याची गरजच नाही, फक्त उत्तर कधी मिळेल हे त्याला माहीत हवं. शिव्यांचं तसं नाही. तिथे काय चाललंय ते नाव घेऊन लिहावं लागतं आणि पुढे काय होईल तेही लिहावं लागतं. म्हणून दोन मजकूर, दोन वेगळ्या दिवशी.

वेळेचा मजकूर आम्ही आधी लिहिला. त्यात तक्रारीचा सूर कुठेही येऊ दिला नाही. "तुम्ही रात्री मेसेज करता" हे वाक्यच नको, कारण ते लिहिलं की तो बचाव करायला लागतो. तब्येत नको, घर नको, झोप नको. आपण जितकी कारणं देऊ तितक्या जागा वाटाघाटीला मिळतात. तब्येतीचं लिहिलं तर उद्या तो विचारेल, "आता बरं आहे ना? मग बघा की." आणि "शक्यतो" आम्ही काढला. काय शक्य आहे हे ठरवायचा अधिकार त्या एका शब्दातून समोरच्याकडे जातो, आणि रात्री एक वाजता त्याला सगळंच शक्य वाटत असतं. शेवटी उरलं ते असं:

"नमस्कार. कॅटलॉगच्या कामाबद्दल एक व्यवस्था कळवते. मी सोमवार ते शनिवार, सकाळी 10 ते संध्याकाळी 7 या वेळात मेसेज बघते आणि उत्तर देते. 7 नंतर आलेल्या मेसेजला पुढच्या कामाच्या दिवशी दुपारी 12 पर्यंत उत्तर मिळेल. छपाईला गेलेल्या फाईलमध्ये चूक सापडली आणि छपाई थांबवायची असेल, तर रात्री 10 पर्यंत फोन करा, तो मी घेईन. येत्या सोमवारपासून असं चालू."

यातलं फोनाबद्दलचं वाक्य तिला नको होतं. एवढं सगळं करून परत दार उघडं कशाला, असं तिचं म्हणणं. मी आग्रह धरला. अडीअडचणीची व्याख्या आपण लिहून दिली नाही तर ती ग्राहक करतो, आणि त्याच्या व्याख्येत रंग किंचित गडद करणंही अडीअडचण असते. छपाईचं यंत्र चालू झालंय आणि पानावर चुकीचा फोन नंबर आहे, ही खरी निकड. ती आपल्या कामातली आहे, आणि तिला आपण उभं राहायला हवं. त्या वाक्यामुळे मजकुराचा चेहराही बदलतो. वाचणाऱ्याला कळतं की ही बाई पळत नाहीये.

मग प्रत्येक वाक्याला एक प्रश्न विचारला. समोरचा माणूस तसूभरही बदलला नाही तरी हे वाक्य मला पाळता येईल का? "सकाळी दहा ते सात उत्तर देते." येईल. "दुपारी बारापर्यंत उत्तर मिळेल." येईल, पण मग ते खरंच गेलं पाहिजे, एकदाही चुकता कामा नये. "रात्री मेसेज करू नका" हे पाळणं मात्र तिच्या हातात नाही, त्याच्या हातात आहे. तो विनंतीचा भाग झाला, सीमेचा नाही. लिहिलेली सीमा ही स्वतःच्या वागण्याबद्दलची असते. हे कळलं की लिहिणाऱ्याचा सूर आपोआप खाली येतो, कारण कुणाला दटावायचं उरत नाही.

पाठवायच्या आधी फोनची व्यवस्था लावणं तितकंच महत्त्वाचं होतं. त्यांचं चॅट म्यूट करून अर्काइव्हमध्ये टाकलं आणि अर्काइव्ह केलेली चॅट नवीन मेसेज आला तरी तिथेच राहतील ही सेटिंग चालू ठेवली. नाहीतर चॅट पुन्हा वर येतं आणि डोळ्यांपुढे नाचतं. "लास्ट सीन" आणि "ऑनलाइन" दोन्ही लपवलं, कारण "ऑनलाइन दिसत होतात, उत्तर का नाही" हा पुढचा प्रश्न ठरलेला असतो. व्हॉट्सअॅप बिझनेसमध्ये अवे मेसेज, म्हणजे आपण नसताना आपोआप जाणारं उत्तर, ठरावीक वेळेपुरता लावता येतो. तो लावला, पण फक्त त्यांच्यासाठी नाही, सगळ्या ग्राहकांसाठी. एकाच माणसाला उद्देशून काही केलं की त्याला ते लागतं. सगळ्यांना सारखंच असलं की तो कामाचा नियम होतो. फोन इंटरनेटला जोडलेला नसेल तर हा अवे मेसेज जात नाही, हे ठाऊक असावं. रात्री नेट बंद करून झोपणाऱ्याने त्याच्यावर भरवसा ठेवू नये.

आणि एक गोष्ट तिला जड गेली. तिला स्वतःला रात्री काम करायला आवडतं. अकरानंतर घर शांत होतं, तेव्हा तिचा हात चालतो, आणि फाईल झाली की ती लगेच पाठवायची. रात्री पावणेबाराला फाईल पाठवणाऱ्याच्या वेळेवर कोण विश्वास ठेवणार? काम रात्री करावं, जरूर करावं, पण ईमेलला दुसऱ्या दिवशी सकाळी दहाची वेळ लावून ठेवावी. तयार झालेली फाईल रात्रभर तशीच ठेवायला तिला फार कष्ट पडले. मला ते समजतं. दाद लगेच मिळावी असं सगळ्यांनाच वाटतं.

नोकरदारांना यात अलीकडे कायद्याचा थोडा आधार मिळू लागला आहे. फ्रान्समध्ये 1 जानेवारी 2017 पासून पन्नासहून अधिक कर्मचारी असलेल्या कंपन्यांना कामाच्या वेळेबाहेर संपर्कापासून मोकळं राहण्याच्या हक्कावर बोलणी करावी लागतात. ऑस्ट्रेलियात 26 ऑगस्ट 2024 पासून कर्मचारी वेळेबाहेरचा कामाचा संपर्क नाकारू शकतो, मग तो मालकाचा असो की ग्राहकाचा, फक्त नाकारणं गैरवाजवी नसावं. पण एकटीने काम करणारी कुणाची कर्मचारी नसते. तिच्यासाठी कायदा म्हणजे तिने स्वतः लिहून दिलेल्या चार ओळी.

पहिला मजकूर गेला. अपेक्षेप्रमाणे उत्तर आलं, "म्हणजे आता आम्ही तुमच्या सोयीने धंदा करायचा?" याला उत्तर द्यायचं नाही असं आधीच ठरलं होतं, कारण त्यात कामाचा प्रश्न नव्हता. पेन्सिलची रेघ पडत नव्हती. त्यानंतरचे काही दिवस मात्र वाईट गेले. मेसेज कमी व्हायच्या ऐवजी वाढले. रात्री एकला, पहाटे पाचला, व्हॉइस नोट, मिस्ड कॉल. ती घाबरली. "ताई, उलटंच झालं. आधी बरं होतं."

हे उलटं होणं मला आशेचं वाटलं, आणि त्याला कारण आहे. बी. एफ. स्किनर यांच्या प्रयोगांपासून मानसशास्त्राला हे ठाऊक आहे की एखाद्या कृतीला मिळणारा प्रतिसाद बंद झाला, तर ती कृती थांबायच्या आधी काही काळ जोर धरते. बटण दाबलं की उजेड व्हायचा, तो व्हायचा बंद झाला, तर माणूस आधी दहा वेळा जोरजोरात दाबून बघतो. आणि ज्याला प्रतिसाद कधी मिळतो कधी नाही, तो सगळ्यात चिवट राहतो. तिचं आधीचं वागणं नेमकं असं होतं. आठ मेसेजना गप्प राहायची आणि नवव्याला, जीव वैतागून, रात्री एक वाजता "बघते" लिहायची. त्या गृहस्थांना तिने नकळत एवढंच कळवलं होतं की नऊ मेसेज टाकावे लागतात. आता या उसळीच्या दिवसांत एकदा जरी रात्री उत्तर गेलं असतं, तर हा आकडा वीसवर गेला असता. लेखी सीमा बहुतेक वेळा याच आठवड्यात मोडते. मजकूर चांगला असतो, पण लिहिणाऱ्याला उसळीची कल्पना नसते आणि तिला वाटतं की उपाय फसला. उपाय लागू पडतोय की नाही हे मेसेजच्या संख्येवरून कळत नाही. कळतं ते यावरून की दिवसाच्या वेळात कामाचे मेसेज यायला लागले का. तिसऱ्या चौथ्या दिवशी दुपारी साडेतीनला त्यांचा एक मेसेज आला. पान 14, मजकूर लांबला आहे, कमी करा. शिवी नाही, प्रश्नचिन्हं नाहीत. तिने दहा मिनिटांत उत्तर दिलं. मुद्दाम लवकर दिलं. दिवसा विचारलं की पटकन मिळतं, हेही शिकवावंच लागतं.

शिव्यांचा मजकूर त्यानंतर, पुढची शिवी आली त्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी. जुन्या मेसेजवर नको, ताज्यावर. जुनं उकरलं की "तेव्हा का नाही बोललात" सुरू होतं. रात्रीचं चॅट सकाळी उघडल्याबरोबर तिने स्क्रीनशॉट घेतले, नाव आणि वेळ दिसेल असे, आणि चॅट एक्सपोर्ट करून ठेवलं. पाठवलेला मेसेज सगळ्यांसाठी पुसायला साधारण दोन दिवस मिळतात, बदलायला पंधरा मिनिटं. रात्री शिवी देणारे बरेच जण सकाळी पुसतात, मग उरते ती फक्त "हा मेसेज डिलीट केला आहे" ही ओळ आणि आपला शब्द. मजकूर असा होता:

"नमस्कार. काल रात्री 12.55 ते 1.20 या वेळात आलेल्या मेसेजमध्ये एक दुरुस्ती आहे: पान 9 वरचं वजन 250 ऐवजी 500 ग्रॅम. ती आज दुपारपर्यंत करून पाठवते. त्याच मेसेजमध्ये माझ्याबद्दल शिवीगाळ आहे. कामातली चूक दाखवा, ती मी दुरुस्त करीन. शिवीगाळ असलेल्या मेसेजला मी उत्तर देणार नाही. तसा मेसेज पुन्हा आला तर त्या दिवशी तुमचं काम थांबेल आणि फाईल देण्याची तारीख एका दिवसाने पुढे जाईल."

दुरुस्ती आधी लिहिली आहे, कारण ती खरी होती. माणूस शिव्या देतो म्हणून त्याची तक्रार खोटी ठरत नाही, आणि आपण ती आधी मान्य केली की पुढचं वाक्य रुसव्याचं वाटत नाही. शिवी पुन्हा उतरवलेली नाही. "मला फार अपमान वाटला" हेही नाही. अपमान वाटला होता, खूप वाटला होता, पण तो या माणसाच्या हातात कशाला द्यायचा? तो मैत्रिणीला सांगावा, घरी सांगावा. आणि एक कसोटी मी नेहमी लावते. हा मजकूर उद्या त्यांच्या भावाने, भागीदाराने, कुठल्याही तिऱ्हाइताने वाचला, तर आधीचं काही माहीत नसताना त्याला तो रास्त वाटेल का? असे मजकूर फिरतात, हे गृहीत धरूनच लिहावं.

परिणाम काय लिहायचा यावर आम्ही सगळ्यात जास्त बोललो. तिला पहिल्यांदा लिहायचं होतं, "पुन्हा असं झालं तर मी काम सोडीन." मी विचारलं, "सोडशील?" त्या वर्षी तिच्या कमाईचा मोठा हिस्सा याच एका ग्राहकाकडून येत होता. ती गप्प झाली. जे करणं परवडणार नाही ते लिहू नये. पहिल्या शिवीनंतर काम सुटलं नाही की पुढचं प्रत्येक वाक्य पोकळ ठरतं, आणि त्या माणसाला ते आपल्या आधी कळतं. एक दिवस काम थांबवणं तिला परवडणारं होतं आणि त्यांना जाणवणारं होतं. अर्थात हेही सगळीकडे चालत नाही. फाईल देण्याची तारीख करारात पक्की लिहिलेली असेल, तर ती आपल्या मनाने सरकवणं म्हणजे आपणच करार मोडणं. तिच्या कामात तारीख अंदाजाची होती, म्हणून जमलं. तशी नसती तर आम्ही लिहिलं असतं की यापुढे बोलणं फक्त ईमेलवर होईल. ईमेलवर शिव्या येतातच असं नाही. पत्त्याची ओळ, विषयाची ओळ, तेवढ्यात हात थोडा थांबतो. आणि मारण्याची, घरापर्यंत येण्याची, फोटो पसरवण्याची धमकी असेल, तर हा सगळा खटाटोप करूच नये. तिथे ग्राहक हा शब्द संपतो. ते पोलिसांकडे न्यायचं प्रकरण आहे, पुरावे न पुसता.

पुढचे काही आठवडे बरे गेले. एकदा रात्री साडेनऊला त्यांचा फोन आला. फाईल छापखान्यात गेली होती आणि मुखपृष्ठावर जुना पत्ता होता. तिने घेतला, छापखान्याला कळवलं, चूक वाचली. ते "आभारी आहे" म्हणाले. दुसऱ्या रात्री पुन्हा साडेनऊला फोन, पिवळा जरा उजळ करायचा होता. "हे सकाळी बघते," म्हणून तिने फोन ठेवला. एवढंच. समजावून सांगितलं नाही, चिडली नाही. मला तिचा त्या दिवशी फार अभिमान वाटला.

त्यांच्याबद्दल मला अगदीच कीव येत नाही असं नाही. पहाटे पाचला मेसेज करणारा माणूस स्वतःही झोपलेला नसतो. मधे तिला त्यांच्या ऑफिसातल्या कुणाकडून कळलं की त्यांचं बरंच काही अडकलेलं आहे आणि या कॅटलॉगवर त्यांच्या आशा आहेत. ते ऐकून ती विरघळली. मीही थोडी विरघळले. मग मी स्क्रीनशॉट पुन्हा वाचले. छापखान्याच्या मालकाला त्यांनी असं लिहिलं नसतं. मोठ्या कंपनीच्या माणसाला लिहिलं नसतं. घाबरलेला माणूसही कुणावर ओरडायचं ते निवडतोच.

मग एकदा त्यांनी ग्रुपवर, स्वतःच्या चार कर्मचाऱ्यांसमोर, तिला उद्देशून पुन्हा तसंच काही लिहिलं. तिने तो दिवस काम थांबवलं आणि एका ओळीत कळवलं: "आधी लिहिल्याप्रमाणे आजचं काम थांबवलं आहे. फाईल आता बुधवारी मिळेल." मंगळवारची फाईल बुधवारी गेली. त्यावर ते काही बोलले नाहीत, पण तिचं मन मात्र उठलं होतं. हातातलं काम पूर्ण करायचं आणि पुढचं घ्यायचं नाही, असं तिने ठरवलं. तोवर तिने दोन नवी कामं मिळवली होती, त्यामुळे आता हे वाक्य तिला परवडत होतं.

संबंध संपवायचा मजकूर सगळ्यांत कोरडा असावा लागतो, आणि त्याच्याआधी हिशेब तयार असावा लागतो. आगाऊ घेतलेली रक्कम किती, त्यातलं काम किती झालं, परत काय द्यायचं किंवा येणं काय आहे, कुठल्या फाईल कुठल्या स्वरूपात दिल्या, फॉन्ट आणि फोटो कुठे आहेत. हे सगळं आधी पोचतं करायचं, पोचल्याचं उत्तर घ्यायचं, आणि त्यांना ब्लॉक करायचं असेल तर त्यानंतरच. उलट क्रमाने केलं की शिव्या खाणारीच "पैसे घेऊन पळाली" ठरते. तिने लिहिलं: "कॅटलॉगचं काम पूर्ण झालं आहे. सर्व फाईल आणि हिशेब आज ईमेलने पाठवला आहे. यापुढचं काम मी घेऊ शकणार नाही. या कामातली माझी चूक आढळल्यास 30 दिवसांच्या आत ईमेलने कळवा, दुरुस्त करून देईन." कारण लिहिलं नाही. ते त्यांना ठाऊक होतं, आणि लिहिलं असतं तर त्यावर वाद झाला असता.

त्यांचं उत्तर सकाळी अकराला आलं, सभ्य भाषेत, "तुम्ही" म्हणून. "ठीक आहे. दुसरं कुणी चांगलं असेल तर नाव सुचवा."

यावर आमचं एकमत झालं नाही. माझं म्हणणं होतं की ज्याला सुचवायचं त्याला आधी सगळं सांगावं, त्याने हो म्हटलं तर नाव द्यावं. तिच्या ओळखीत एक मुलगा आहे, नवीन आहे, कामाची गरज आहे, रात्रीचाच जागतो. ती म्हणाली, "त्याला सांगितलं तरी तो हो म्हणेल, ताई. मीही म्हटलं असतं." तिने नाव दिलं नाही. तिच्या बोलण्यात मला तथ्य वाटतं. पण त्या मुलाच्या हातचं एक काम गेलं, आणि त्याला विचारलंही गेलं नाही, हेही आहे.